स्थळ सिंगापूरचं, पैसे आपले: लग्न जुळवण्याच्या साइटवरून येणारी ट्रेडिंगची फसवणूक कशी ओळखायची

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय उठत नाही, दहा रुपयांचा फरक आला तरी कॅशियरला थांबवून ठेवते. अशा बाईने सात आठवड्यांत, कधी समोर न पाहिलेल्या माणसाच्या सांगण्यावरून, ९ लाख ७० हजार रुपये पाठवले. हे वाचून तुम्हाला हसू आलं तर येऊ दे. मलाही आधी अशा बातम्या वाचून यायचं.

हा लेख लग्नाच्या साइटवर किंवा डेटिंग अ‍ॅपवर नव्याने नाव नोंदवलेल्यांसाठी आहे. तिथे जुळलेल्या कुणीतरी शेअर, सोनं किंवा क्रिप्टोच्या ‘टिप’ द्यायला सुरुवात केली असेल, तर आधी तिसरी आणि चौथी पायरी वाचा. पैसे पाठवून झाले असतील तर थेट सातवीवर जा, बाकीचं नंतर.

या प्रकाराचं मूळ चिनी नाव ‘शा झू पान’. डुकराला आधी खाऊ घालून पोसायचं आणि मग कापायचं, असा त्याचा अर्थ. फसलेल्या माणसाला डुक्कर म्हटलं की तो लाजेने तक्रारच करत नाही, म्हणून हे नाव वापरू नका असं इंटरपोलने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं. ते बरोबरच आहे. पण त्या नावातला ‘पोसणं’ हा भाग लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथे आहे. हे लोक पहिल्या दिवशी काही मागत नाहीत. माझ्या बाबतीत पहिला रुपया बाविसाव्या दिवशी गेला.

## १. स्थळाची चौकशी जुन्या पद्धतीनेच करा

ज्याने मला फसवलं त्याची साइटवरची माहिती अशी होती: वय ४१, घटस्फोटित, मूळ गाव सांगली, नोकरी सिंगापूरला. फोटो तीन, त्यातला एक गणपतीपुढे कुर्ता घालून काढलेला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “इथे फारसं येणं होत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलूया.” इथे पहिली खूण ठेवा. साइटवरचं बोलणं साइटच्या नजरेत असतं, कुणी तक्रार केली तर त्याचं खातं बंद पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ती भीती राहत नाही.

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघायला सगळेच सांगतात. बघा, पण काही सापडलं नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही. दुसऱ्याच्या खासगी खात्यातून उचललेला फोटो शोधात येत नाही. व्हिडिओ कॉलचंही तसंच. आमचा एकदा झाला, जेमतेम ४० सेकंद, “नेटवर्क नाही गं” म्हणून तुटला. चेहरा फोटोतल्यासारखाच होता. पण कॉलसाठी वेगळी माणसं ठेवलेली असतात आणि कॉल चालू असताना चेहरा बदलणारी सॉफ्टवेअरंही वापरली जातात, हे मला नंतर कळलं.

कामाला येते ती आपल्या आई-मावश्यांची पद्धत. मामाचं गाव कोणतं, शाळा कोणती, घर कोणत्या पेठेत, चुलते काय करतात, लग्नकार्याला कुणाकडे उतरता. सांगलीत आपलं कुणी ना कुणी असतंच. एका नातेवाइकाचं नाव-गाव मिळवा आणि घरातल्या कुणाला तरी तिथे प्रत्यक्ष जायला सांगा. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की आईवडील अपघातात गेले, सिंगापूरच्या आत्याने वाढवलं. म्हणजे चौकशी करायला इथे माणूसच उरला नाही. मला तेव्हा कीव आली.

आणि भाषा ऐका. तो बहुतेक इंग्रजीत लिहायचा, मधूनच मराठीत. ते मराठी असं: “तू तुझे दुपारचे जेवण खाल्ले आहेस का?” सांगलीचा माणूस “जेवलीस का?” म्हणेल. बाहेर वाढलाय म्हणून मीच सांभाळून घेतलं. यंत्राने भाषांतर केलेली वाक्यं अशीच येतात, सगळे शब्द बरोबर आणि माणूस मात्र कुठेच नाही.

## २. पैसा बोलण्यात कसा शिरतो ते बघा

पहिले अकरा दिवस पैशाचा विषयच नव्हता. सकाळी सव्वासहाला मेसेज, दुपारी डब्याचा फोटो, रात्री अर्धा तास गप्पा. माझा घटस्फोट, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, गावाकडच्या घराचं अर्धवट राहिलेलं काम, सगळं त्याने विचारून घेतलं. मला ते प्रेम वाटलं. आज ते गप्पांचे मेसेज परत वाचते तेव्हा कर्जाच्या अर्जातले रकाने दिसतात: उत्पन्न किती, ठेवी किती, घर कुणाच्या नावावर, निर्णय घेताना कुणाला विचारतेस.

बाराव्या दिवशी त्याने स्क्रीनवरच्या आलेखाचा फोटो पाठवला आणि लगेच लिहिलं, “सॉरी, चुकून आला.” मी विचारल्यावरच तो बोलला. मामा एका मोठ्या वित्तसंस्थेत विश्लेषक आहे, तो रात्री ठरावीक वेळ सांगतो, मी तेवढंच करतो. वर “तू यात पडू नकोस, जोखीम असते.” नको म्हणणारा माणूस फसवत नसतो असं आपल्याला वाटतं. या धंद्यात नेमकं तेच वाटावं अशी वाक्यं लिहून ठेवलेली असतात.

एकोणिसाव्या दिवशीचा प्रसंग मी सगळ्यांना सांगते, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. तो म्हणाला, मी विमानतळावर आहे, लॅपटॉप उघडता येत नाही, आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या खात्यात जाऊन तेवढं एक बटण दाबशील का? त्याने आयडी आणि पासवर्ड दिला. मी दाबलं. साठ सेकंदांचा काटा फिरला आणि त्याच्या खात्यात दीड लाखाच्या आसपास नफा दिसला. माझा एक रुपयाही लागला नव्हता, पण त्या दिवसापासून ‘हे चालतं’ हे मी स्वतःच्या बोटाने पाहिलेलं होतं. शिवाय त्याने मला पासवर्ड दिला होता, म्हणजे माझ्यावर केवढा विश्वास! दोन्ही धागे एकाच बटणाने बांधले गेले.

तुम्हाला कुणी ‘माझं खातं जरा सांभाळ’ म्हणत असेल, तर पुढची मागणी काय असणार हे आता तुम्हाला माहीत आहे.

## ३. पैसे पाठवण्याआधी खातं, संकेतस्थळ आणि नोंदणी तपासा

हे सगळं करायला पाऊण तास लागतो. मी तो पाऊण तास काढला नाही.

सगळ्यात आधी बघा, पैसे कुणाच्या खात्यात मागतायत. मला ‘ग्राहक सेवा’ खिडकीत खाते क्रमांक मिळायचा, दर वेळी वेगळा आणि तीस मिनिटांपुरता वैध. पहिलं खातं एका ट्रेडर्स नावाच्या दुकानाचं, दुसरं कुणा बाईचं बचत खातं, तिसरं परराज्यातल्या कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. आमच्या पतसंस्थेत ठेव घेताना पैसे शिपायाच्या नावावर भरा असं मी कुणाला सांगितलं असतं का? ज्या संस्थेशी व्यवहार आहे तिच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच थांबा. याला अपवाद नाही.

शेअर बाजाराच्या बाबतीत आता एक चांगली सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत दलालांसाठी आणि म्युच्युअल फंडांसाठी ओळखता येतील असे यूपीआय पत्ते आणले आहेत. त्यात `@valid` आणि त्याला जोडून बँकेचं नाव असतं; दलाल असेल तर त्याआधी `.brk`, म्युच्युअल फंड असेल तर `.mf`. सेबीच्या ‘सेबी चेक’ सुविधेत समोरच्याचा यूपीआय पत्ता किंवा बँक खातं टाकून ते खरंच नोंदणीकृत संस्थेचं आहे का, हे बघता येतं. सेबीचं प्रमाणपत्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ मात्र जमेला धरू नका. नोंदणी क्रमांक खऱ्या दलालाचा उचललेला असतो, खातं त्याचं नसतं.

क्रिप्टो सेबीच्या कक्षेत येत नाही. भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजांना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे म्हणून पैसे सुरक्षित असं होत नाही. पण नोंदणीच नसलेला, कुणी लिंक पाठवल्याशिवाय सापडत नसलेला ‘आंतरराष्ट्रीय प्लॅटफॉर्म’ असेल तर पुढे विचार करायचं कारण उरत नाही.

आता संकेतस्थळाचं वय. ब्राउझरमध्ये `lookup.icann.org` उघडा, संशयित संकेतस्थळाचा पत्ता टाका आणि `Created` या शब्दापुढची तारीख वाचा. आमच्या ‘२०१४ पासून विश्वासार्ह’ प्लॅटफॉर्मची तारीख मी नंतर पाहिली. आमची ओळख झाली त्याच्या नऊ दिवस आधीची होती.

अ‍ॅप प्ले स्टोअरवर नसून लिंकवरून ‘डाउनलोड कर’ असं सांगितलं, तर ते अ‍ॅप म्हणजे नुसता रंगवलेला पडदा आहे असं धरून चाला. त्यातले आकडे समोरचा माणूस हवे तसे टाकतो. भाव बऱ्याचदा खऱ्या बाजाराचेच दाखवतात, म्हणून आपण दुसऱ्या साइटवर ताडून बघितलं तर जुळतात आणि आपली खात्री पटते. शेअरचं अ‍ॅप असेल तर ताडून बघायची जागा वेगळी आहे. खरे शेअर तुमच्या डिमॅटमध्ये येतात आणि एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या विवरणात दिसतात. तिथे नाही, म्हणजे कुठेच नाही.

## ४. ‘थोडे काढून बघितले, आले’ ही परीक्षा धरू नका

माझ्या घोड्याने इथेच पेंड खाल्ली, म्हणून इथे जरा थांबते.

बाविसाव्या दिवशी मी २० हजार भरले. हिशेबी स्वभाव. मनात म्हटलं, गेले तर गेले, एक धडा समजू. दोन रात्रींत खात्यात २३ हजार ४०० दिसले. मी त्याला काही न सांगता ५ हजार काढायचा अर्ज टाकला. तासाभरात पैसे माझ्या बँक खात्यात जमा! सत्ताविसाव्या दिवशी १ लाख भरले, तिसाव्या दिवशी २५ हजार काढले. तेही आले.

आता त्यांच्या बाजूने जमाखर्च मांडा. १ लाख २० हजार आले, ३० हजार परत दिले. हातात ९० हजार राहिले आणि त्यावर एक पतसंस्थेची हिशेबनीस पूर्णपणे पटलेली. त्यांच्यासाठी ते ३० हजार म्हणजे बियाणं. आपण ज्याला पडताळणी समजतो ती त्यांनी आधीच खर्चात धरलेली असते. म्हणून छोटी रक्कम परत आल्याने एकच गोष्ट सिद्ध होते: त्यांना तुमच्याकडून मोठी रक्कम अपेक्षित आहे.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. ते ५ हजार मला ज्या नावाने आले तो होता एक मासळीचा व्यापारी. मी विचारलं तर ‘आमचा पेमेंट भागीदार’ असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात ते पैसे दुसऱ्याच एखाद्या फसलेल्या माणसाचे असतात. त्याने तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत निघतात, आणि त्या वाटेवर तुमचंही खातं लागतं. माझं पगाराचं खातं पुढे असंच गोठलं, दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीत. सहा आठवडे पगार हातात आला नाही आणि मी स्वतः फिर्यादी असूनही बँकेत आरोपीसारखी उभी होते.

तुमच्याकडे असा ‘नफा’ आलेला असेल तर तो खर्च करू नका. कोणत्या खात्यातून, कधी, किती आला ते लिहून ठेवा आणि तक्रारीत स्वतःहून सांगा.

## ५. मोठ्या रकमेसाठी घाई कशी लावतात

छत्तिसाव्या दिवशी साडेतीन लाख गेले, मुदत ठेव मोडून. त्रेचाळिसाव्या दिवशी पाच लाख, त्यातले बरेचसे सोनं तारण ठेवून उचललेले. या दोन्ही वेळी युक्ती एकच होती. मामाने सांगितलेली ‘खास संधी’ फक्त शुक्रवार रात्रीपर्यंत, किमान रक्कम १० लाख. मी म्हटलं माझ्याकडे नाहीत. तो म्हणाला, “तू पाच टाक, पाच मी तुझ्या खात्यात टाकतो. आपलं घर आहे ना शेवटी?” दहा मिनिटांत माझ्या स्क्रीनवर पाच लाख वाढले. त्याने पैसे टाकले नव्हते, आकडा टाकला होता. पण त्यानंतर मी माघार घेणं म्हणजे त्याचे पैसे बुडवणं झालं असतं. मला भीती माझ्या नुकसानीची नव्हती, त्याच्या होती.

बँकेत ठेव मोडताना काउंटरवरच्या मुलीने विचारलंही, “मॅडम, एवढी घाई का?” काय सांगायचं ते त्याने आदल्या रात्री शिकवून ठेवलं होतं: घराच्या कामाला हवेत. बँकेत खोटं कारण सांगायला जो शिकवतो त्याला पैसे द्यायचे नाहीत, एवढा एक नियम मी पाळला असता तरी साडेआठ लाख वाचले असते.

जाता जाता एक सांगते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका छोट्या बँकेचा प्रमुख शॅन हेन्स याच प्रकारात अडकला आणि त्याने बँकेचेच ४ कोटी ७० लाख डॉलर त्यात ओतले. २०२३ मध्ये बँक बुडाली, २०२४ मध्ये त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली. ‘मी पैशाच्या धंद्यातला आहे, मला कळतं’ हे कुणी म्हणालं की मला तो आठवतो.

## ६. काढताना ‘कर’ मागितला तर एकच प्रश्न विचारा

एकोणपन्नासाव्या दिवशी स्क्रीनवर ३१ लाख ४० हजार होते. काढायचा अर्ज टाकला तर उत्तर आलं: नफा २२ लाख, भारतीय कायद्याने ३० टक्के कर, ६ लाख ६० हजार आधी भरा, मग सगळी रक्कम मोकळी होईल.

यातला ३० टक्क्यांचा आकडा खरा आहे, म्हणून माणूस फसतो. क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडे २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ३० टक्के कर आहे, वर अधिभार आणि उपकर. पण तो तुम्ही स्वतः आयकर खात्याकडे भरायचा असतो, चलनाने आणि तुमच्या पॅनवर. एक्स्चेंज फक्त विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून घेतं, आणि तोही त्या रकमेतूनच. करासाठी बाहेरून नवे पैसे आणा, असं कोणतंही एक्स्चेंज किंवा दलाल सांगत नाही.

तेव्हा प्रश्न असा: “माझे ३१ लाख तुमच्याकडेच आहेत, त्यातून कापून उरलेले द्या.” मी विचारला. उत्तर मिळालं की मनी लाँडरिंगच्या नियमामुळे खात्यातून वजा करता येत नाही. मी तो स्क्रीनशॉट आमच्या लेखापरीक्षक काकांना दाखवला, “मैत्रिणीचं आहे” म्हणून. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मैत्रिणीने किती भरलेत?” मग म्हणाले, “बाई, आता चहा नको, फोन लाव.”

कर भरला असता तर पुढे पडताळणी शुल्क, मग उशिराचा दंड, मग खातं मोकळं करायची अनामत. ही साखळी तुमचे पैसे संपेपर्यंत चालते.

## ७. कळलं त्या क्षणापासूनचे काही तास

त्याला काही कळू देऊ नका. भांडू नका, ब्लॉकही करू नका. आधी पुरावा, मग राग. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू आहेत का ते बघा आणि असतील तर लगेच बंद करा. माझ्याकडे त्याने विसाव्या दिवशी ‘प्रायव्हसीसाठी’ ते चालू केलं होतं, त्यामुळे मधले कित्येक दिवस गेले. मग गप्पा एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. लागला नाही तर लावत राहा, दरम्यान `cybercrime.gov.in` वर तक्रार भरायला घ्या. बँकेलाही कळवा, पण बँकेत गेलात म्हणून १९३० सोडू नका. त्या यंत्रणेतून ज्या बँकेत पैसे गेले तिथपर्यंत सूचना जाते आणि पुढच्या खात्यांत शिल्लक असेल तेवढी अडवली जाते. पैसे एका खात्यातून पाच, पाचांतून पंचवीस असे मिनिटांत फुटतात, म्हणून इथे तासाला किंमत आहे.

हाताशी हे ठेवा:

- प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा १२ अंकी असतो, एनईएफटी-आरटीजीएसचा यूटीआर लांब, अक्षरं-आकडे मिसळलेला.
- ज्या खात्यांत पैसे गेले त्यांचे क्रमांक, आयएफएससी आणि नावं.
- तुमचं बँक विवरण (बँकेचा शिक्का असेल तर उत्तम), आधार, पॅन.
- त्याचे फोन नंबर, साइटवरच्या माहितीची लिंक, फोटो, प्लॅटफॉर्मचा पूर्ण पत्ता, ग्राहक सेवेच्या गप्पांचे स्क्रीनशॉट.
- क्रिप्टो पाठवलं असेल तर वॉलेटचा पत्ता आणि TXID, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. ट्रॉन साखळीवर `USDT` हे क्रिप्टो नाणं पाठवलं असेल तर पत्ता `T` ने सुरू होतो. हे हाताने उतरवू नका, कॉपी करा. एक अक्षर चुकलं की माग संपतो. `USDT` काढणाऱ्या कंपनीला पत्ते गोठवता येतात, पण ते पोलिसांमार्फत होतं, आपल्या ईमेलने नाही.

मग सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जाऊन एफआयआरचा आग्रह धरा. “आमच्या हद्दीत येत नाही” म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंद घ्यावी लागते. मोबाइल विकू नका, रीसेट करू नका. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन जवळ असला की ते सोपं जातं.

बँकेकडून फार आशा ठेवू नका. ‘कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य’ हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तुम्हाला कुणीतरी सांगेल. तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे ओटीपी आपणच टाकलेला असतो.

## ८. पुढचे महिने

माझ्या शेवटच्या पाच लाखांतले १ लाख १२ हजार अडकलेले सापडले, तेही नशिबाने: त्या खात्यावर कुणा दुसऱ्याच्या तक्रारीने आधीच टाच आलेली होती. ते परत मिळवायला न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागला. वकिलाची फी भरून, अकरा महिन्यांनी पैसे आले. बाकीचे ८ लाख २८ हजार गेले, असं मी माझ्या वहीत लिहून टाकलंय.

तक्रार केल्यावर पंधरा दिवसांत ‘तुमचे पैसे सोडवून देतो’ म्हणणारे उगवतात. टेलिग्रामवरचा हॅकर, दिल्लीचा वकील, एकाने तर स्वतःला सायबर अधिकारीच म्हटलं आणि माझी नेमकी रक्कम सांगितली. ती त्याला ठाऊक असणारच, यादी त्याच टोळीकडून येते. आधी फी मागितली की फोन ठेवा. खरा पोलीस पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाही.

घरी सांगण्याचं म्हणाल तर मी दादाला फसवणूक कळल्यानंतर नवव्या दिवशी सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी सोनं सोडवण्याचे हप्ते कसे बसवायचे ते कागदावर मांडायला बसला.

त्या माणसाबद्दल मला आता राग आहे का, असं पुष्कळ जण विचारतात. म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या कुंपणबंद वसाहतींत नोकरीचं आमिष दाखवून नेलेली माणसं दमदाटीने हेच काम करतात, त्यांत आपल्याकडची मुलंही सापडली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एकट्या म्यानमारमध्ये अशी किमान १ लाख २० हजार माणसं अडकली असावीत असं म्हटलं होतं. सव्वासहाचा मेसेज कुणी लिहिला, त्याच्या पाठीशी काठी घेऊन कोण उभं होतं, मला माहीत नाही.

दिवाळीनंतर मी त्याच साइटवर पुन्हा गेले, तक्रारीसाठी जुनी लिंक शोधायला. गणपतीपुढचा तोच कुर्त्यातला फोटो होता. नाव नवीन, वय ३९, मूळ गाव कराड, नोकरी दुबईला. ‘बनावट खातं’ या पर्यायावर एफआयआरचा क्रमांक टाकून तक्रार केली. चार दिवसांनी ते खातं दिसेनासं झालं.